‘तो’ म्हणजे कोणता व्हॉल्व्ह? हायड्रॉलिक प्रेसच्या एका देखभाल-सूचनेच्या फेरलेखनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बेळगावच्या औद्योगिक पट्ट्यात फाउंड्र्यांच्या जोडीने हायड्रॉलिक यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग करणारे अनेक लहान-मध्यम कारखाने आहेत. हे प्रकरण त्यांपैकी एका कारखान्यातले आहे. कारखान्याचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून यंत्राचे काही तपशीलही बदलले आहेत. तिथे कामाला येणारी माणसे खानापूर, निपाणी, बैलहोंगल या भागांतली आहेत, आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही काही जण रोज येतात. फिटर आणि हेल्पर यांतले बहुतेक घरी मराठी बोलतात, काही जण घरी कन्नड बोलतात आणि मराठी कामावर शिकलेले असतात. रेखाचित्रे आणि मूळ मॅन्युअल इंग्रजीत असतात, पण यंत्राशेजारी लावायच्या देखभाल-सूचना तिथल्या अभियंत्यांनी मराठीत लिहिल्या होत्या, आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. ज्याच्या हातात पाना आहे त्याला सूचना त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे.

माझे काम तांत्रिक मजकुराचे संपादन करण्याचे आहे. या कारखान्याने मला बोलावले ते एका प्रसंगानंतर. त्या प्रसंगात कोणाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती.

प्रेसची रचना थोडक्यात अशी होती. पॉवर पॅकवर मोटर आणि पंप, पंपाच्या पुढे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा एक चेक व्हॉल्व्ह, त्यानंतर प्रेशर लाइन, आणि या लाइनला जोडलेला ब्लॅडर प्रकारचा ॲक्युम्युलेटर. ॲक्युम्युलेटरच्या बुडाशी एक ब्लॉक होता आणि त्यावर तीन गोष्टी होत्या: ॲक्युम्युलेटरला लाइनपासून वेगळा करणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह, ॲक्युम्युलेटरमधले तेल टाकीत सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह, आणि एक गेज. दुसरे गेज पॉवर पॅकवर होते. ते चेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे पंपाच्या बाजूला, बसवलेले होते. पंप थांबला की पॉवर पॅकवरचे गेज लवकरच शून्य दाखवते. ॲक्युम्युलेटरचे कामच दाब साठवून ठेवण्याचे असल्यामुळे चेक व्हॉल्व्हच्या पलीकडच्या लाइनमध्ये मात्र पंप थांबल्यावरही पूर्ण दाब राहतो.

अडचण

प्रेशर लाइनवरचा होज बदलण्याआधी काय करायचे, याची सूचना एकाच वाक्यात होती:

“पंप बंद केल्यावर ॲक्युम्युलेटर ब्लॉकवरील आयसोलेशन व्हॉल्व्ह व ब्लीड व्हॉल्व्ह यांची स्थिती पाहून तो उघडावा आणि त्यातील दाब पूर्ण उतरल्याची त्यावरील गेजवरून खात्री झाल्यानंतरच त्याचे पुढील काम हाती घ्यावे.”

एका अनुभवी फिटरने हे वाक्य वाचले, पंप बंद केला, ब्लॉकवरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह पाहिला आणि तो आधीच उघडा आहे हे पाहून त्याचे समाधान झाले. पॉवर पॅकवरचे गेज शून्यावर होते. त्याने होजच्या नटला पाना लावला. तेवढ्यात ब्लॉक पुसत असलेल्या हेल्परने तिथल्या गेजवर १४० बार दिसत असल्याचे ओरडून सांगितले आणि काम थांबले. इतक्या दाबाचे तेल बारीक फटीतून बाहेर पडले तर ते कातडी भेदून आत जाते, आणि बाहेरून जखम लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

चौकशीत पहिला प्रश्न निघाला तो फिटरच्या निष्काळजीपणाचा. मला तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटला, कारण फिटरने सूचनेतला प्रत्येक शब्द पाळला होता. वाक्यात चार सर्वनामरूपे आहेत: ‘तो’, ‘त्यातील’, ‘त्यावरील’ आणि ‘त्याचे’. या चौघांची एकेक जोडी लावून पाहिली की अडचण उघडी पडते.

‘तो’ या एकवचनाआधी दोन व्हॉल्व्ह आहेत आणि दोन्ही पुल्लिंगी आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात ब्लीड व्हॉल्व्ह होता, कारण उघडण्याची क्रिया त्याच्याशीच जुळते असे त्याने गृहीत धरले. फिटरने आयसोलेशन व्हॉल्व्ह धरला, कारण तो आधी आला होता आणि आकाराने मोठा होता. ‘त्यातील दाब’ म्हणजे ॲक्युम्युलेटरमधला, लाइनमधला, की सिलिंडरमधला? ‘त्यावरील गेज’ म्हणजे ब्लॉकवरचे की पंपावरचे? व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही चालतात. ‘त्याचे पुढील काम’ हे होजचे असावे, पण होज हा शब्द वाक्यात कुठेच नाही.

मराठीत लिंगभेद आहे, त्यामुळे सर्वनाम कशाचे ते आपोआप कळते, असे अभियंते मला सुरुवातीला सांगत होते. काही वेळा ते खरेही असते. “मोटर आणि पंप जोडलेले आहेत, ती आधी थांबवा” या वाक्यात ‘ती’ म्हणजे मोटर हे कळते. परंतु यंत्रशाळेतले बहुतेक शब्द पुल्लिंगी आहेत: पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, सिलिंडर, होज, दाब, ब्लॉक, ॲक्युम्युलेटर. त्यातून विभक्तीचा प्रत्यय लागला की पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांतला फरकही पुसला जातो, कारण पंपाचे ‘त्याचे’ आणि तेलाचे ‘त्याचे’ एकच. अनेकवचनात ‘त्यांचे’ आले की तिन्ही लिंगे एक होतात. म्हणजे लिंगाची मदत नेमकी तिथे संपते जिथे वाक्य गुंतागुंतीचे होते.

या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही. व्हॉल्व्ह असो, मोटर असो की टाकी, सर्वांना ‘अदु’ हे एकच सर्वनाम. ज्याची पहिली भाषा कन्नड आहे तो फिटर मराठी उत्तम बोलतो, पण ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यावरून वस्तू ओळखण्याची सवय त्याला असेलच असे नाही. म्हणून मोटर-पंपाचे ते वाक्यसुद्धा या कारखान्यात मी सुरक्षित मानले नाही.

दुसरी अडचण: नामांची रास

त्याच फायलीत दुसऱ्या प्रकारचा मजकूर होता. देखभाल-नोंदवहीत अशी एक ओळ सापडली:

“मेन सिलिंडर रिटर्न लाइन फिल्टर क्लॉगिंग इंडिकेटर अलार्म सेटिंग बदल नोंद.”

इंग्रजीत नामापुढे नाम ठेवून असे लांबलचक शब्दसमूह करता येतात, आणि तिथेही ते वाचायला जड जातात. विमान उद्योगातल्या देखभाल-पुस्तिकांसाठी तयार झालेल्या एएसडी-एसटीई १०० या सोप्या इंग्रजीच्या मानकात अशा समूहात तीनपेक्षा जास्त शब्द नकोत असा नियमच आहे. मराठीत तर हे आणखी अवघड होते, कारण दोन नामांचे नाते आपण प्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी दाखवतो: चा-ची-चे, ला, ने, वरील, मधील, साठी. इंग्रजी समूह देवनागरीत उतरवताना हे सारे गळून पडते आणि नाते वाचकाने ओळखायचे असे होऊन बसते.

वरच्या ओळीत ‘मेन’ कशाला लागते? प्रेसला मुख्य सिलिंडर आणि इजेक्टर सिलिंडर असे दोन सिलिंडर होते, त्यामुळे ‘मेन सिलिंडरची रिटर्न लाइन’ असा अर्थ होऊ शकतो. पण टाकीकडे जाणारी एक सामाईक मुख्य रिटर्न लाइनही होती, आणि त्या दोन्ही लाइनवर वेगवेगळे फिल्टर होते. नोंद कोणत्या फिल्टरची, हे ओळीवरून सांगता येत नव्हते.

स्टोअरमध्ये यापेक्षा लहान ओळीने नुकसान केले होते. “नवीन सिलिंडर सील किट” अशी मागणी गेली आणि चुकीचे किट आले. एका प्रेसवर मोठ्या बोअरचा नवा सिलिंडर बसवलेला होता. मागणाऱ्याला त्या नव्या सिलिंडरचे किट हवे होते. खरेदी विभागाने जुन्याच मापाचे कोरे किट मागवले. ‘नवीन’ हे विशेषण विकाररहित आहे, त्याचे रूप कशासाठीही बदलत नाही, त्यामुळे ते सिलिंडरचे की किटचे हे रूपावरून कळत नाही. ‘नवा’ हे विशेषण वापरले तर भाषा स्वतःच काम करते: “नव्या सिलिंडरचे सील किट” आणि “सिलिंडरचे नवे सील किट” यांत गोंधळाला जागा उरत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सूचना काढून तिथे फक्त चित्रे लावावीत, असा पहिला प्रस्ताव होता. चित्र जागा दाखवते, पण क्रम, अट आणि मनाई दाखवायला ते अपुरे पडते. ‘हा व्हॉल्व्ह बंद करू नका’ आणि ‘काम संपेपर्यंत तो दुसरा उघडाच ठेवा’ यांतला फरक चित्रात उतरवणे कठीण आहे. चित्र ठेवायचे, पण मजकुराच्या जोडीला, असे ठरले.

दुसरा प्रस्ताव मराठी-कन्नड अशा द्विभाषिक फलकाचा होता. तो मला मान्य होता, पण आधी मराठी मजकूर स्पष्ट होणे आवश्यक होते. संदिग्ध वाक्याचे भाषांतर करणाऱ्याला चार सर्वनामांपैकी प्रत्येकासाठी एक अर्थ निवडावा लागला असता, आणि ती निवड हायड्रॉलिक्स न जाणणाऱ्या माणसाने केली असती. म्हणून कन्नड मजकूर दुसऱ्या टप्प्यावर ठेवला.

तिसरा पर्याय एका तरुण अभियंत्याने सुचवला आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सगळी सर्वनामे शोधून काढावीत आणि प्रत्येकाच्या जागी नाम लिहावे, असा तो यांत्रिक उपाय होता. सुरक्षेच्या पायऱ्यांपुरता तो बरोबर आहे. पण वर्णनपर मजकुरात तो चालवून पाहिला तेव्हा असे वाक्य तयार झाले: “फिल्टर चोंदल्यास फिल्टर बदलावा व फिल्टर काढताना फिल्टरखाली ट्रे ठेवावा.” एका फिटरने हे वाचून विचारले, “हे दोन फिल्टर आहेत काय ओ?” प्रश्न रास्त होता. मराठी वाचक एकाच वस्तूचा पुन्हा उल्लेख सर्वनामाने अपेक्षित करतो. नाम पुन्हा आले की ती दुसरी वस्तू असावी अशी शंका त्याला येते. तेव्हा सर्वनाम सरसकट हद्दपार करण्यापेक्षा ते कुठे ठेवायचे याची कसोटी हवी होती.

आम्ही ठरवलेली कसोटी अशी होती. सर्वनामाआधी त्याच वाक्यात आणि त्याआधीच्या वाक्यात त्या रूपाला जुळणारी सगळी नामे लिहून काढायची. लिंगावर विसंबायचे नाही. वस्तू म्हणून जी बसेल ती धरायची. मग प्रत्येक नाम सर्वनामाच्या जागी घालून पाहायचे. एकापेक्षा जास्त नामांनी यंत्रावर करता येण्यासारखी क्रिया तयार होत असेल तर सर्वनाम काढायचे. एकच नाम बसत असेल तर सर्वनाम राहू द्यायचे. फिल्टरच्या वाक्यात दुसरी वस्तू बसूच शकत नव्हती, त्यामुळे “फिल्टर चोंदल्यास तो बदलावा व काढताना त्याखाली ट्रे ठेवावा” हे रूप कायम झाले.

प्रत्यक्ष काम: सूचनेचे फेरलेखन

पहिला निर्णयबिंदू लेखनाचा नव्हता. चार सर्वनामांचे अर्थ मी संदर्भावरून ओळखून लिहू शकलो असतो, आणि बहुधा बरोबर ओळखले असते. पण मी ते केले नाही. डिझाइन विभागातले अभियंता आणि देखभाल प्रमुख या दोघांना वेगवेगळे बसवून चारही प्रश्न विचारले. ‘त्यावरील गेज’ याचे दोघांनी वेगळे उत्तर दिले. डिझाइनवाल्यांच्या मते ते ब्लॉकवरचे गेज होते. देखभाल प्रमुखांच्या मते पॉवर पॅकवरचे, कारण जुन्या प्रेसवर, जिथे ॲक्युम्युलेटरच नव्हता, ते तेच पाहत आले होते. म्हणजे संदिग्ध सर्वनामाने दोन माणसांमधला तांत्रिक मतभेद बरीच वर्षे झाकून ठेवला होता. प्रत्येक जण ते वाक्य वाचून आपलेच म्हणणे लिहिले आहे असे समजत होता. असे मजकूर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि म्हणूनच संपादकाने सर्वनामाचा अर्थ स्वतः ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

‘त्यातील दाब’ या शब्दांनी तर आणखी एक चूक बाहेर काढली. ॲक्युम्युलेटरच्या आत रबराची पिशवी असते आणि तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो. या प्रेसवर त्याचा प्री-चार्ज ९० बार होता. ब्लीड व्हॉल्व्ह उघडला की तेल टाकीत जाते आणि तेलाच्या बाजूचा दाब शून्य होतो, पण पिशवीतला नायट्रोजन आपल्या प्री-चार्ज दाबाने आतच राहतो. म्हणून ‘त्यातील दाब पूर्ण उतरला’ हे वाक्य ‘ॲक्युम्युलेटरमधला दाब’ अशा अर्थाने वाचले तर ते असत्य ठरते, आणि त्या समजुतीने कोणी ॲक्युम्युलेटर खोलायला घेतला तर ते घातक आहे. ‘त्यातील’ च्या जागी नाम लिहायला गेल्याशिवाय हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. नुसते ‘ॲक्युम्युलेटरमधील’ लिहूनही भागले नसते. ‘तेलाच्या बाजूचा’ असे लिहिणे भाग पडले.

गेजच्या काट्याचे वागणेही सूचनेत घ्यावे, हे डिझाइनवाल्यांनीच सुचवले. तेल सोडताना काटा प्री-चार्जपर्यंत सावकाश उतरतो, आणि पिशवीने सगळे तेल बाहेर ढकलले की तिथून एकदम शून्यावर पडतो. हे माहीत नसलेला माणूस ९० च्या आसपास कंटाळून काम सुरू करू शकतो. उलट, हा एकदम पडणारा काटा पाहिला की तेल खरोखर निघून गेल्याची खूण मिळते.

दुसरा निर्णय नावांचा होता. ‘आयसोलेशन व्हॉल्व्ह’ आणि ‘ब्लीड व्हॉल्व्ह’ ही नावे कागदावर स्पष्ट असली तरी ब्लॉकवर कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून दोन्ही व्हॉल्व्हना क्रमांकाच्या पितळी पट्ट्या लावल्या आणि मजकुरात नाव व क्रमांक एकत्र दिले. एकदा क्रमांक आला की नाव लहान करता येते आणि तरीही संदर्भ हरवत नाही. गेजनाही ‘ब्लॉकवरील’ आणि ‘पॉवर पॅकवरील’ अशी ठरलेली नावे दिली, आणि नुसता ‘गेज’ हा शब्द त्या पानावर वापरायचा नाही असे ठरवले.

अखेरचा मजकूर असा झाला:

ही सूचना चेक व्हॉल्व्हपासून डायरेक्शन व्हॉल्व्हपर्यंतच्या प्रेशर लाइनसाठीच आहे.

१. रॅम खाली घ्या आणि आधारांवर टेकवा.
२. पंपाची मोटर बंद करा. मेन स्विचला कुलूप लावा.
३. आयसोलेशन व्हॉल्व्ह क्र. १ उघडा आहे हे पाहा. व्हॉल्व्ह क्र. १ बंद असेल तर प्रेशर लाइनमधले तेल उतरणार नाही.
४. ब्लीड व्हॉल्व्ह क्र. २ सावकाश उघडा.
५. ब्लॉकवरील गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. काटा सुमारे ९० बारपर्यंत हळूहळू उतरतो आणि नंतर एकदम शून्यावर येतो.
६. पॉवर पॅकवरील गेज पाहून काम सुरू करू नका. ते गेज प्रेशर लाइनमधला दाब दाखवत नाही.
७. होज बदलून पूर्ण होईपर्यंत व्हॉल्व्ह क्र. २ उघडा ठेवा.
८. तेलाच्या बाजूचा दाब उतरला तरी ॲक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनचा दाब असतो. ॲक्युम्युलेटर खोलू नका.

सहाव्या पायरीतले ‘ते’ मुद्दाम ठेवले आहे. त्याआधी त्या पायरीत एकच गेज आहे आणि ‘ते’ च्या शेजारी ‘गेज’ हे नामही पुन्हा आले आहे. सर्वनाम एकटे न सोडता नामाला जोडून ‘ते गेज’, ‘हा व्हॉल्व्ह’ असे लिहिणे हा मधला मार्ग फार उपयोगी पडतो.

एका वाक्याचे अर्धे पान झाले, म्हणून व्यवस्थापकांनी हरकत घेतली. फलक लांबला की कोणी वाचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर आम्ही शब्द मोजत बसलो नाही. दोन्ही मजकूर यंत्रापाशी नेले, फिटरांना एकेक करून बोलावले, मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रत्येक वस्तूचा उल्लेख आला की यंत्रावर तिच्यावर बोट ठेवायला सांगितले. जुन्या वाक्यात ‘तो’ येताच बोटे वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर गेली, आणि ‘त्यावरील गेजवरून’ येताच दोन जण पॉवर पॅककडे वळले. नव्या मजकुराला प्रत्येक पायरीवर सगळ्यांचे बोट एकाच जागी गेले, त्यांत कन्नड पहिली भाषा असलेले दोघेही होते. हरकत तिथेच मागे घेतली गेली.

प्रत्यक्ष काम: नामांची रास उलगडणे

नोंदवहीच्या ओळीवर पहिला प्रयत्न अभियंत्यांनीच केला आणि प्रामाणिकपणे प्रत्येक जोडीत प्रत्यय घातला:

“मुख्य सिलिंडरच्या रिटर्न लाइनच्या फिल्टरच्या क्लॉगिंग इंडिकेटरच्या अलार्मच्या सेटिंगच्या बदलाची नोंद.”

नाती दाखवली गेली, पण ‘च्या’ची ही साखळी वाचताना चौथ्या कडीपाशी माणूस पहिली विसरतो. शिवाय ‘च्या’ने फक्त ‘काहीतरी संबंध आहे’ एवढेच कळते. लाइन ‘वर’ फिल्टर आहे, फिल्टर चोंदला ‘की’ इंडिकेटर इशारा देतो, हे वेगवेगळे संबंध एकाच प्रत्ययाखाली दबतात.

त्यासाठी आम्ही रास उजवीकडून वाचायला सुरुवात केली. मराठीत आणि इंग्रजीतही अशा राशीचे मुख्य नाम शेवटी असते. ‘नोंद’ तर ही ओळ स्वतःच आहे, म्हणून तो शब्द गेला. ‘बदल’ हे खरे तर क्रियापद आहे: काहीतरी बदलले. काय बदलले? सेटिंग. कशाचे? इंडिकेटर कोणत्या दाबाला इशारा देईल त्याचे. इंडिकेटर कुठे आहे? फिल्टरवर. फिल्टर कोणता? इथे पुन्हा माणसाला विचारावे लागले, आणि तो सामाईक मुख्य लाइनवरचा फिल्टर निघाला. म्हणजे ‘मेन’ हे सिलिंडरचे विशेषण नव्हतेच, आणि अभियंत्यांनी केलेल्या उलगड्यात अर्थच चुकला होता. मग ओळ अशी झाली:

“टाकीकडे जाणाऱ्या मुख्य रिटर्न लाइनवरील फिल्टर चोंदल्याचा इशारा इंडिकेटर कोणत्या दाबाला देतो, ते सेटिंग बदलले. जुना दाब: … बार. नवा दाब: … बार.”

शेवटच्या दोन रिकाम्या जागा महत्त्वाच्या आहेत. जुन्या ओळीत बदल झाल्याचे लिहिले होते, पण किती झाला हे कुठेच नव्हते. क्रियापद परत आणले की कर्ता, कर्म आणि मोजमाप यांची उणीव लगेच डोळ्यात भरते. नामांच्या राशीत ती झाकली जाते.

सगळ्या राशी फोडायच्या नाहीत, हेही या टप्प्यावर ठरवावे लागले. ‘प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह’ हे एका वस्तूचे नाव आहे, फिटर ते एका दमात म्हणतो, आणि त्याचे ‘दाब मुक्त करणारा व्हॉल्व्ह’ केले तर त्याला तो ब्लीड व्हॉल्व्ह वाटू शकतो. जे स्टोअरमध्ये एका नावाने मागितले जाते ते नाव जसेच्या तसे ठेवले आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द प्रत्ययांनी जोडले.

परिणाम

ॲक्युम्युलेटरची सूचना फलकावर लागली आणि नंतर तिचा कन्नड मजकूरही तयार झाला. कन्नड करणाऱ्या सहकाऱ्याला एकाही ठिकाणी ‘याचा अर्थ काय घेऊ’ असे विचारावे लागले नाही. देखभाल प्रमुखांनी स्वतःहून दुसऱ्या प्रेसच्या सूचना काढल्या आणि तिथेही ‘त्यामुळे’ या शब्दाचा तसाच घोळ त्यांना सापडला: “तेल तापल्यास ते पातळ होते व पंपाची अंतर्गत गळती वाढते, त्यामुळे सील लवकर खराब होतात.” सील खराब होण्याचे कारण तापमान होते, गळती नव्हती. ‘त्यामुळे’ मागच्या संपूर्ण वाक्याकडे बोट दाखवते आणि त्यातले कारण वाचकाने निवडायचे असते. त्यांनी “तेल सतत तापलेले राहिल्यास सील कडक होऊन लवकर खराब होतात” असे स्वतंत्र वाक्य केले.

सगळीकडे यश आले असे नाही. संगणकातल्या सामानाच्या यादीत नावासाठी चाळीस अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे तिथे प्रत्ययांसह लिहिणे शक्य नव्हते. ती यादी तशीच राहिली. मागणीपत्रावर मात्र यादीतल्या नावाखाली एक पूर्ण वाक्य लिहायची जागा केली: वस्तू कोणत्या यंत्राच्या कोणत्या भागासाठी हवी. सील किटची पुढची मागणी “क्र. ३ च्या प्रेसवरील नव्या सिलिंडरसाठी” अशी गेली. अभियंत्यांच्या आपसातल्या पत्रव्यवहारात जुन्या राशी अजूनही चालतात, आणि जिथे दोघांनाही यंत्र तोंडपाठ आहे तिथे मी त्याबद्दल आग्रह धरला नाही.

वेगळे काय करता आले असते

पितळी पट्ट्या लेखनाच्या आधी लागायला हव्या होत्या. मजकुराचा पहिला मसुदा नुसत्या नावांवर झाला, नंतर क्रमांक आले आणि प्रत्येक पायरी पुन्हा तपासावी लागली. यंत्रावर ज्याला नाव नाही त्याचा कागदावर नेमका उल्लेख करता येत नाही, म्हणून नव्या प्रेससाठी आता जोडणीच्या वेळीच क्रमांक देण्याचे ठरले आहे.

बोट ठेवून घेण्याची चाचणी जुन्या मजकुरावर सर्वांत आधी, मसुदा लिहायला घेण्यापूर्वी केली असती तर कोणती सर्वनामे खरोखर दगा देतात हे सुरुवातीलाच कळले असते. आम्ही कागदावर बसून ‘त्याचे पुढील काम’ यावर बराच वेळ घालवला. यंत्रापाशी मात्र तिथे कोणीच अडखळले नाही, कारण होज बदलायचा आहे हे प्रत्येकाला ठाऊकच होते. सगळा धोका ‘तो’, ‘त्यातील’ आणि ‘त्यावरील’ या तिघांत होता.

सिलिंडर आणि डायरेक्शन व्हॉल्व्ह यांच्यामधल्या लाइनसाठी स्वतंत्र सूचना अजून लिहायची आहे. तिथे भार पेलून धरणारा पायलट चेक व्हॉल्व्ह असल्यामुळे ब्लीड व्हॉल्व्ह उघडूनही दाब अडकून राहू शकतो. त्या सूचनेचा कच्चा मसुदा माझ्यासमोर आहे, आणि त्याच्या दुसऱ्याच वाक्यात “त्याचा दाब काढून तो सैल करावा” असे लिहिलेले आहे. दोन्ही प्रश्न डिझाइन विभागाकडे पाठवले आहेत.